‘एवढं जरा करून द्या’ची नोंद

ठरावीक रकमेत करायच्या कामात भांडण बहुतेक वेळा शेवटच्या बिलावरून होतं, पण त्याचं कारण बरंच आधी घडलेलं असतं. ‘एवढं जरा करून द्या’ असं ग्राहक म्हणतो, ‘बघतो’ असं काम करणारा म्हणतो आणि विषय तिथेच राहतो. एकाला वाटतं, हे त्याच पैशांत होणार. दुसऱ्याला वाटतं, याचे पैसे नंतर लावता येतील. तारखेचा विचार कोणीच करत नाही. सॉफ्टवेअरच्या धंद्यात यावर एक साधा उपाय आहे. मूळ करारानंतर आलेली प्रत्येक जादा मागणी एका तक्त्यात लिहायची आणि तिच्यापुढे खर्च किती वाढेल व तारीख किती सरकेल हेही मांडायचं. या तक्त्याला चेंज रिक्वेस्ट लॉग म्हणतात. त्याला वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही, एक्सेलची एक शीट पुरते.

हा तक्ता कसा चालतो ते एका काल्पनिक उदाहरणातून पाहू. दोन शाखा असलेली एक पॅथॉलॉजी लॅब आहे. रुग्णांची नोंदणी, पावत्या आणि रिपोर्ट यांसाठी तिने एका छोट्या कंपनीला सॉफ्टवेअरचं काम दिलं. ठरलेली रक्कम ६ लाख रुपये, जीएसटी वेगळा. मुदत ६० कामाचे दिवस. काय काय करायचं याची यादी कराराला जोडलेली आहे आणि यादीबाहेरच्या कामाला तासाला १,००० रुपये हा दरही करारातच लिहिला आहे. या दोन गोष्टी आधी ठरलेल्या नसतील, तर पुढे कितीही नीट नोंदी ठेवल्या तरी फायदा होत नाही. कारण एखादी मागणी ‘जादा’ आहे हे यादीशी ताडूनच ठरतं.

तिसऱ्या आठवड्यात लॅबचे डॉक्टर म्हणाले, ‘रिपोर्ट मराठीतही निघायला हवा.’ यादीत फक्त इंग्रजी रिपोर्ट होता. कंपनीने तक्त्यात अशी ओळ लिहिली:

क्रमांक १. मागणी: रिपोर्ट मराठीतही. मागणारे: लॅबचे डॉक्टर. यादीतला संबंधित मुद्दा: ७, फक्त इंग्रजी रिपोर्ट. काम: ४० तास. जादा खर्च: ४०,००० रुपये. मुदतीवर परिणाम: ५ दिवस. हा अंदाज लागू: ७ दिवस. निर्णय: मंजूर, सही व तारीख.

या ओळीतला ‘अंदाज लागू’ हा रकाना पुष्कळ जण गाळतात. तिसऱ्या आठवड्यात रिपोर्टची मांडणी अजून व्हायची होती, म्हणून ४० तासांत काम भागलं. हीच मागणी दहाव्या आठवड्यात आली असती, तर तयार मांडणी मोडून पुन्हा तपासावी लागली असती आणि आकडा बदलला असता. त्यामुळे अंदाजाला मुदत घालणं दोघांच्याही सोयीचं असतं.

दुसरी मागणी पाचव्या आठवड्यात आली: रिपोर्ट तयार झाला की रुग्णाला एसएमएस जावा. काम १६ तासांचं, खर्च १६,००० रुपये. म्हणजे तारीख दोन दिवसांनी सरकेल, असं कोणालाही वाटेल. पण त्या आठवड्यात कंपनीचा दुसरा प्रोग्रॅमर मोकळा होता आणि एसएमएसवर बाकीचं कोणतंही काम अडलेलं नव्हतं. त्यामुळे त्यांच्या कामापुरता परिणाम शून्य दिवस. अडचण वेगळीच होती. ट्रायच्या २०१८च्या नियमांनुसार असे एसएमएस पाठवणाऱ्या संस्थेला दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी यंत्रणेवर नोंदणी करावी लागते. पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचा साचाही मंजूर करून घ्यावा लागतो. ही नोंदणी लॅबच्या नावाने व्हायची होती, ती कंपनीच्या हातात नव्हती. म्हणून मुदतीच्या रकान्यात लिहिलं: ‘शून्य दिवस. नोंदणी व साच्याची मंजुरी लॅबने नवव्या आठवड्यापर्यंत मिळवावी. न मिळाल्यास सॉफ्टवेअर एसएमएसशिवाय ठरल्या दिवशी सुरू होईल.’

खर्च आणि मुदत हे दोन रकाने वेगळे का ठेवायचे, ते इथे कळतं. कामाचे तास म्हणजे उशीर नव्हे. ज्या कामासाठी बाकीची कामं खोळंबून असतात, त्यात पाच दिवस वाढले की अख्खी तारीख पाच दिवसांनी पुढे जाते. मराठी रिपोर्टचं तसं झालं. उलट, तासाभराचं काम एखाद्या बाहेरच्या मंजुरीसाठी दोन आठवडे लटकू शकतं. नुसता खर्च लिहिणारा तक्ता निम्माच खरा असतो.

मग पावतीवरच्या लोगोचा रंग बदलायची मागणी आली. खर्च शून्य, दिवस शून्य, तरी ओळ लिहिली गेली. अशा फुकटच्या नोंदी ठेवल्या की कंपनीने काय काय सोडून दिलं ते ग्राहकाला दिसतं आणि किरकोळ कामं वीस-पंचवीस झाली तर तेही दोघांच्या वेळीच लक्षात येतं.

चाचणीच्या वेळी एका रिपोर्टात दशांश चिन्ह चुकीच्या जागी दिसलं. ही दुरुस्ती या तक्त्यात येत नाही. ती कंपनीची चूक आहे, ती तिनेच फुकट निस्तरायची आणि चुकांची यादी वेगळी ठेवायची. खरी कसोटी लागते ती सवलतीसारख्या मुद्द्यावर. यादीत लिहिलं होतं, ‘पावतीवर सवलत देता यावी.’ कंपनीने एकूण रकमेवर सवलत दिली. लॅबला प्रत्येक तपासणीवर वेगळी सवलत हवी होती. वाक्याचे दोन्ही अर्थ निघतात. २० तासांच्या या कामाचा खर्च दोघांनी निम्मा निम्मा उचलला: लॅबवर १०,००० रुपये आणि मुदतीत एक दिवस. तडजोड कशावर झाली तेही त्याच ओळीत लिहिलं गेलं.

आठव्या आठवड्यात तिसऱ्या शाखेची मागणी आली. ऐकायला सोपी, पण रोजचा हिशेब आणि साठा दोन शाखा धरून बांधलेला होता. अंदाज निघाला ८० तास, ८०,००० रुपये, १० दिवस. आकडे समोर दिसताच डॉक्टरांनी हे काम सॉफ्टवेअर सुरू झाल्यावर करायचं ठरवलं. तक्त्यात ‘पुढे ढकललं’ अशी नोंद झाली. नाकारलेल्या किंवा लांबवलेल्या मागण्या पुसायच्या नसतात, नाहीतर महिन्याभराने तोच विषय पुन्हा नव्याने निघतो.

तक्त्याच्या तळाशी दर आठवड्याला एकच बेरीज असते. इथे ती शेवटी अशी झाली: ६,६६,००० रुपये आणि ६६ दिवस. मूळ आकड्यापेक्षा ६६,००० रुपये आणि ६ दिवस जास्त, पण यातला एकही रुपया लॅबला शेवटच्या बिलात पहिल्यांदा दिसला नाही.

या तक्त्याचा गैरवापरही होतो. काही जण मुद्दाम कमी रकमेत काम घेतात आणि मग प्रत्येक गोष्ट ‘जादा’ म्हणून लावतात. ते ओळखायची खूण अशी: जिच्याशिवाय ते सॉफ्टवेअर वापरताच येणार नाही, अशी गोष्ट जादा म्हणून येऊ लागली, तर गडबड यादीत आहे किंवा हेतूत. लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये रिपोर्ट छापायचे वेगळे पैसे कोणी मागितले, तर ती मागणी मान्य करू नये. तासांचा आकडाही नुसता स्वीकारू नये, कोणत्या कामाला किती तास ते विचारावं.

भारतीय करार कायदा, १८७२च्या कलम ६२नुसार दोन्ही पक्ष संमतीने करारात बदल करू शकतात. तशी संमती झाली होती हे पुढे दाखवायचं असेल, तर सही आणि तारीख असलेली ओळ हाताशी हवी. फोनवर बोलणं झालं असेल, तर त्याच दिवशी ओळ लिहून समोरच्याला पाठवा आणि उत्तर येईपर्यंत त्या मागणीचं काम सुरू करू नका. तुम्ही काम देणारे असा वा करणारे, क्रम हाच ठेवा: आधी नोंद, मग आकडे, मग सही आणि त्यानंतरच काम.