आठ जीबीच्या लॅपटॉपवर दहा बाय आठचा फ्लेक्स

फोटोशॉपची फाइल जड होते ती मुख्यतः पिक्सेलमुळे. लेअर किती आहेत हा प्रश्न त्यानंतर येतो. गावच्या जत्रेसाठी १० बाय ८ फुटांचा फ्लेक्स करायचा आहे असे समजू. नवी फाइल उघडताना सवयीने ३०० रिझोल्यूशन टाकले की कॅनव्हास ३६,००० बाय २८,८०० पिक्सेलचा होतो. एकही फोटो ठेवण्याआधीच फाइल ३ जीबीच्या घरात जाते. शिवाय PSD प्रकारात एका बाजूला ३०,००० पिक्सेलची मर्यादा असल्याने ती त्या रूपात सेव्हही होत नाही. तोच फ्लेक्स ७२ वर केला तर कॅनव्हास ८,६४० बाय ६,९१२ पिक्सेलचा राहतो आणि आकार सुमारे १७१ एमबी, म्हणजे सतरापटींहून कमी.

३०० हा आकडा हातात धरून वाचायच्या छपाईसाठी आहे. फ्लेक्स पंधरा-वीस फुटांवरून पाहिला जातो आणि त्यासाठी ७२ पुरेसे असतात. एक इंच उंचीच्या अक्षरालाही ७२ पिक्सेल मिळतात, त्यामुळे खालचा फोन नंबर नीट वाचता येतो. फोटोंचा हिशेबही असाच मांडावा. फ्लेक्सवर तीन फूट रुंद दिसणाऱ्या फोटोला २,५९२ पिक्सेल लागतात. कॅमेऱ्यातून आलेला ६,००० पिक्सेल रुंदीचा फोटो त्या जागी दुपटीहून मोठा असतो. रंगही ८ बिटमध्येच ठेवावेत, कारण १६ बिटमध्ये प्रत्येक पिक्सेल दुप्पट जागा घेतो.

आता खालच्या पट्टीतले २४ कार्यकर्त्यांचे चेहरे. प्रत्येकाचा फोटो, चौकट आणि सावली धरली तर इथेच ७२ लेअर झाले. ते सगळे निवडून Convert to Smart Object केले की मुख्य फाइलपुरता त्यांचा एकच लेअर उरतो. आतले लेअर जातात कुठेच नाहीत. त्या लेअरच्या थंबनेलवर डबल-क्लिक केले की ते स्वतंत्र फाइल म्हणून उघडतात आणि तिथे बदल करून सेव्ह केला की मुख्य फ्लेक्सवर उमटतो. काम झाल्यावर ती आतली फाइल लगेच बंद करावी, नाहीतर दोन्ही फायलींचा भार रॅमवर एकाच वेळी पडतो.

स्मार्ट ऑब्जेक्टने फाइल हलकी होते, हा समज मात्र अर्धाच खरा. रॅमवरचा ताण कमी होतो, पण डिस्कवरची फाइल सहसा लहान होत नाही, कारण मूळ मजकूर तिच्या पोटातच असतो. मोठी पार्श्वभूमी Place Linked ने आणली तर ती बाहेर राहते आणि मुख्य फाइल आटोपशीर होते. अशी फाइल दुसऱ्या लॅपटॉपवर न्यायची तर आधी File > Package करावे. त्याने जोडलेले फोटो सोबत येतात, नाहीतर तिकडे फाइल उघडताना लिंक तुटलेली असते.

शेवटचा हात फिरवताना, म्हणजे शार्पनिंग किंवा एकूण रंगछटा साधताना, सगळ्या लेअरचा एकत्र परिणाम लागतो. बहुतेक जण सर्वांत वरचा लेअर निवडून Ctrl+Alt+Shift+E दाबतात. दिसणारे सगळे एकत्र होऊन वर नवा लेअर बसतो, खालचे तसेच राहतात. पण हा लेअर अख्ख्या कॅनव्हासएवढा असतो. असे चार-पाच साठले की वाचवलेली सगळी रॅम पुन्हा खर्ची पडते. दुसरी अडचण अधिक त्रासाची. त्यानंतर अध्यक्षांच्या नावातली वेलांटी दुरुस्त केली तरी फ्लेक्सवर जुनेच नाव दिसत राहते, कारण वरचा लेअर ते झाकून असतो. म्हणून Image > Duplicate मध्ये Duplicate Merged Layers Only वर खूण करून एकसंध प्रत वेगळ्या फाइलमध्ये काढणे केव्हाही चांगले. मूळ फाइल सेव्ह करून बंद करावी आणि शेवटचा हात त्या प्रतीवर फिरवावा. छपाईलाही तीच जाते. दुरुस्ती आली तर ती मूळ फाइलमध्ये करून प्रत नव्याने काढावी.

हे सगळे जमते आहे का, ते विंडोच्या तळाशी डावीकडे कळते. तिथल्या बाणातून Document Sizes निवडले तर दोन आकडे दिसतात. पहिला लेअर एकत्र केल्यावरचा, दुसरा लेअरसकटचा. दुसरा आकडा एखाद्या कृतीनंतर एकदम उसळला तर भार कुठून आला ते तिथेच सापडते. त्याच जागी Efficiency निवडावे. ती १०० टक्के असेल तर काम रॅममध्येच चालले आहे. खाली आली की फोटोशॉप डिस्कचा आधार घेत आहे आणि ब्रश अडखळू लागतो. मूळच्या सेटिंगमध्ये मागे जाण्यासाठी ५० पायऱ्या साठवल्या जातात. Preferences मधल्या Performance पानावर History States वीसवर आणले तरी फरक पडतो. रिझोल्यूशन योग्य आहे, लेअर बांधलेले आहेत, ब्राउझरही बंद आहे आणि तरीही Efficiency सतत शंभराच्या खाली राहते, तेव्हाच रॅम वाढवण्यावर पैसे खर्च करावेत.