छाटायचं कोणाला?

लिंक्डइनवर ओळखींचा आकडा पाचशेच्या पुढे गेला की प्रोफाइलवर नुसतं ‘500+’ दिसतं. सहाशे ओळखी असोत की सहा हजार, बघणाऱ्याला फरक कळत नाही. कमाल मर्यादा 30,000 ची. तरीही आलेलं प्रत्येक आमंत्रण स्वीकारत सुटणारे पुष्कळ आहेत. मग एक दिवस फीडमध्ये नुसते कोर्स विकणारे दिसायला लागतात आणि माणूस कात्री हातात घेतो.

चाकणच्या एखाद्या कारखान्यातला गुणवत्ता विभागाचा अभियंता डोळ्यांसमोर आणू. त्याच्या 2,400 ओळखी आहेत आणि त्यातले निम्म्याहून अधिक लोक त्याला आठवतही नाहीत. वेल्डिंगमधल्या दोषांवर तो मेहनतीने लिहितो, पण प्रतिसाद येत नाही. अनोळखी लोक काढले की पोस्ट जास्त लोकांपर्यंत जाईल, असं त्याला वाटतं. ही अपेक्षा फारशी खरी नाही. फीड प्रत्येक वाचकासाठी वेगळी लागते. हा माणूस या पोस्टवर थांबेल का, याचा अंदाज बांधून ती क्रम ठरवते. वाचक पोस्टवर किती वेळ रेंगाळतो हेही त्यात धरलं जातं, असं कंपनीच्या अभियंत्यांनी 2020 मध्ये जाहीरपणे लिहिलं होतं. म्हणजे रस नसलेले हजार जण काढून टाकले तरी रस असलेला एकही नवा वाचक मिळत नाही. पोस्टच्या आकडेवारीत वाचकांचे हुद्दे आणि कंपन्या दिसतात. त्या यादीत वेल्डिंगशी संबंध असलेले लोक किती, हे एकूण आकड्यापेक्षा आधी बघावं.

शोधाचं गणित मात्र वेगळं आहे. इथे सगळ्यांसाठी एकच क्रमवारी नसते. भरती करणारी बाई शोधते तेव्हा शब्दांच्या जुळणीबरोबर तिचं आणि उमेदवाराचं अंतरही मोजलं जातं. थेट ओळख असेल तर पहिली पायरी, ओळखीच्याची ओळख असेल तर दुसरी. फार दूरच्या माणसाचं नावसुद्धा कधीकधी झाकलेलं असतं. त्यामुळे एक ओळख तोडली की त्या माणसामार्फत जवळ आलेले, पण दुसऱ्या कुणामार्फत न जोडलेले, सगळे एक पायरी लांब जातात. पुरवठादार कंपनीतला एखादा गप्प खरेदी अधिकारी दोन वर्षांत एका अक्षराने बोललेला नसेल, पण त्या क्षेत्रात शिरायची वाट कदाचित त्याच्याकडूनच जात असते.

अशा अर्धवट ओळखींचं मोल फार आधी मोजलं गेलं आहे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बोस्टनजवळच्या न्यूटनमध्ये ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना विचारलं, की ज्याने खबर दिली तो तुम्हाला किती वेळा भेटायचा? नेहमी भेटणारे सुमारे 17 टक्के निघाले, अधूनमधून भेटणारे 56 आणि क्वचित भेटणारे 28. हा निबंध 1973 चा. जवळच्या मित्रांना बहुधा तेच ठाऊक असतं जे आपल्याला असतं. खबर येते ती बाहेरून. पुढे लिंक्डइनवरच्या दोन कोटी लोकांवर पाच वर्षं झालेले प्रयोग 2022 मध्ये ‘सायन्स’मध्ये छापून आले. निष्कर्ष साधारण तोच, पण एक बारकावा होता. समाईक ओळखी मोजल्या तर नोकरी बदलायला सर्वांत कामी आली ती मध्यम सैल नाती. अगदी परकीही नाहीत, अगदी घट्टही नाहीत.

आता विश्वासाचं. चाकणच्या अभियंत्याचं प्रोफाइल उघडल्यावर भरती करणाऱ्या बाईला दोघांच्या समाईक ओळखी दिसतात. ती त्यातल्या एकाला फोन करते, ‘कसा आहे हो हा माणूस?’ ‘कोण? मी नाही ओळखत,’ असं उत्तर आलं तर त्या ओळखीने काम बिघडवलंच. असे दोन फोन झाले की बाकीची नावंही तिला पोकळ वाटू लागतात. अनोळखी गर्दीचा खरा तोटा इथे होतो.

म्हणून छाटणी यादीवरून करावी. सेटिंग्जमधून स्वतःची माहिती मागवली की `Connections.csv` नावाची फाइल मिळते. तीत नाव, कंपनी, हुद्दा आणि जोडल्याची तारीख असते. तारखेप्रमाणे लावली की आमंत्रणं घाऊक स्वीकारलेले आठवडे लगेच उठून दिसतात. काढण्याजोगे बरेच जण तिथेच सापडतात. जोडल्या दिवशीच विक्रीचा निरोप पाठवणारे, खोटी वाटणारी खाती, कामाशी काडीचाही संबंध नसलेले, हे निःशंक जाऊ द्यावेत. जुने सहकारी, एकेकाळचे ग्राहक, कॉलेजातले मागच्या बाकावरचे मात्र राहू द्यावेत, महिनोन्‌महिने मुके असले तरी. त्यांच्या पोस्टचा कंटाळा आला असेल तर ‘Unfollow’ पुरतं. ओळख तशीच राहते.

ओळख काढल्याची सूचना समोरच्याला जात नाही. पण त्याने लिहिलेली शिफारस आणि कौशल्यांना दिलेली दादही तिच्याबरोबर जाते आणि पुन्हा जोडून घेतलं तरी ती परत येत नाही. तेव्हा नावापुढचं बटण दाबण्याआधी त्याने आपल्याबद्दल काही लिहिलंय का, हे एकदा बघून घ्यावं.