आठ नंबरची टॅन कापशी नेमकी किती खपली?

कोल्हापुरी चपला ऑनलाइन विकणारा एक छोटा व्यापारी डोळ्यांसमोर आणा. माल एकच आहे, पुरुषांची कापशी. रंग दोन, टॅन आणि डार्क ब्राऊन. नंबर सहापासून दहापर्यंत. म्हणजे गोडाऊनच्या फळीवर दहा प्रकारचे जोड, त्याहून एकही जास्त नाही. पण हाच माल तो तीन ऑनलाइन बाजारांत विकतो आणि महिनाअखेरीला ऑर्डरींच्या फाइली उतरवून घेतो, तेव्हा त्यांत चाळीस-पन्नास वेगवेगळी नावं निघतात. दहाचे पन्नास होतात ते कसे आणि त्यांना परत दहावर आणायचं कसं, एवढाच हा विषय. पुढच्या महिन्यात कारागिराला कुठल्या नंबराचे किती जोड सांगायचे, ते यावर ठरतं.

नावं वाढण्याची कारणं साधी आहेत. प्रत्येक बाजार आपल्याकडच्या वस्तूला स्वतःचा नंबर देतो. ॲमेझॉनवर तो एएसआयएन, फ्लिपकार्टवर एफएसएन. त्याशिवाय विक्रेत्याने लिस्टिंग करताना स्वतः लिहिलेला कोड असतो, त्याला सगळे एसकेयू म्हणतात. हा कोड ज्याने लिस्टिंग टाकलं त्याच्या मनाने पडतो. मालकाने टाकलं तर एक, भाच्याने टाकलं तर दुसरा, एजन्सीला दिलं तर तिसरा. एकाच बाजारात एकाच जोडाची दोन लिस्टिंग असू शकतात: एक स्वतःच्या गोडाऊनमधून पाठवायचं, दुसरं बाजाराच्या गोडाऊनमध्ये ठेवलेल्या मालाचं. एका ठिकाणी साईज आठ लिहिली जाते, दुसरीकडे युरोपियन पद्धतीने ४२. काही बाजारांच्या फाइलीत सगळ्या नंबरांना एकच एसकेयू असतो आणि साईज शेजारच्या वेगळ्या रकान्यात येते. आणि दोन जोडांचा कॉम्बो असेल, तर त्याचा कोड या सगळ्यांहून निराळा.

आता आकडे मांडून पाहू. समजा एका महिन्यात टॅन रंगाच्या आठ नंबराची विक्री अशी झाली: पहिल्या बाजारात नेहमीच्या लिस्टिंगवर १४, तिथल्याच गोडाऊनच्या लिस्टिंगवर ९, दुसऱ्या बाजारात ४२ साईजच्या नावाने ११, तिसऱ्या बाजारात १० आणि कॉम्बोच्या ३ ऑर्डरी. नऊ नंबराची विक्री पहिल्या बाजारात २२, दुसऱ्यात ४, तिसऱ्यात ५. फाइल एसकेयूप्रमाणे उतरत्या क्रमाने लावली, की सगळ्यात वर दिसतो पहिल्या बाजारातला नऊ नंबर, २२ जोडांचा. आठ नंबरचा सगळ्यात मोठा आकडा १४. कोणीही म्हणेल, नऊ जास्त चालतोय, नऊ भरा. प्रत्यक्षात नऊचे ३१ जोड गेले आणि आठचे ५०. कारण १४, ९, ११ आणि १० मिळून ४४, आणि कॉम्बोच्या तीन ऑर्डरींतून आणखी सहा जोड. इथे आकडेमोडीत चूक कोणाचीच नाही. एकच चप्पल पाच नावांनी गेल्यामुळे तिचा खप पाच जागी विखुरला, इतकंच.

यावरचा उपाय म्हणजे दोन याद्या. पहिली आपल्या मालाची, दुसरी नावं जुळवण्याची.

मालाच्या यादीत प्रत्येक विकण्याजोग्या प्रकाराला एक आणि एकच आयटम कोड. किती बारीक जायचं, याची परीक्षा गोडाऊनमध्ये होते. कोड वाचून पॅकिंग करणाऱ्याने फळीवरून जोड काढला पाहिजे. त्याने उलट विचारलं, "टॅन आठ कुठली देऊ, बक्कलवाली की साधी?" तर कोड अपुरा आहे. रंग आणि नंबर कोडमध्ये हवेतच. बारकोडच्या आंतरराष्ट्रीय जीएस१ पद्धतीतही नियम हाच आहे, प्रत्येक रंगाला आणि प्रत्येक साईजला वेगळा नंबर. जीएसटीच्या बिलावरचा एचएसएन कोड मात्र इथे कामाचा नाही. तो करासाठी मालाचा वर्ग सांगतो, सहा नंबर आणि दहा नंबर त्याला सारखेच.

कोड आखूड आणि ठरावीक लांबीचा असावा: KAP-TAN-08. आठच्या आधी शून्य यासाठी, की यादी लावल्यावर १० हा ८ च्या वर जाऊन बसू नये. कारागिराचं नाव किंवा खरेदीचा भाव कोडमध्ये घालायचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा, कारण कारागीर बदलला की कोड खोटा ठरतो. आणि बंद केलेल्या मालाचा कोड नव्या मालाला कधीही द्यायचा नाही, नाहीतर जुन्या ऑर्डरी नव्या चपलेच्या खात्यावर जमा होतात.

रंगाच्या बाबतीत एक अडचण खास हातमालाची. चामडं कमावण्यातल्या फरकाने टॅनच्या दोन खेपा एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत. प्रत्येक छटेला वेगळा कोड दिला तर यादी फुगेल आणि कुठल्याच कोडाचा खप धड दिसणार नाही. माझ्या मते इथे गिऱ्हाईकाकडे पाहावं. एका छटेच्या जागी दुसरी गेली तर जोड परत येईल का? येणार नसेल तर कोड एकच.

दुसरी यादी म्हणजे मॅपिंगचा तक्ता. आपल्या उदाहरणातल्या टॅन आठचा भाग असा दिसेल:

```
बाजार | लिस्टिंग कोड  | साईज   | आयटम कोड    | नग
A     | KP-TAN-8     |       | KAP-TAN-08 | 1
A     | KP-TAN-8-F   |       | KAP-TAN-08 | 1
B     | KPSH_TAN_42  |       | KAP-TAN-08 | 1
C     | kapashi-tan  | IND-8 | KAP-TAN-08 | 1
A     | CMB2-TAN-8   |       | KAP-TAN-08 | 2
```

जुळवणी नुसत्या लिस्टिंग कोडवर करायची नाही. बाजार, कोड आणि साईज या तिन्ही मिळून एक चावी. C बाजाराची ओळ पाहिली की कारण कळतं, तिथे साईज सोडली तर सहापासून दहापर्यंतचे सगळे जोड एकाच ढिगात पडतील. शेवटचा नगाचा रकाना लोक हमखास विसरतात. कॉम्बोची ऑर्डर एक असली तरी फळीवरून दोन जोड कमी होतात, म्हणून ऑर्डरीतल्या संख्येला या नगाने गुणायचं. कॉम्बोत एक टॅन आणि एक ब्राऊन असेल तर त्या एका लिस्टिंगला तक्त्यात दोन ओळी लागतात.

सहावा रकाना तारखेचा ठेवला तर उत्तम, म्हणजे ही जुळवणी कधीपासून लागू आहे ते. चांगले रिव्ह्यू असलेलं जुनं लिस्टिंग मोडवत नाही म्हणून विक्रेते त्याच्यावरच दुसरा माल चढवतात. त्या दिवसापासून तोच कोड वेगळ्या चपलेचा होतो आणि तारीख नसेल तर मागच्या वर्षीचा हिशेबही बदलून जातो.

हे सगळं एक्सेलमध्ये बसतं, पण एक्सेलचे स्वतःचे काही खेळ आहेत. फाइल नुसती डबल-क्लिक करून उघडली तर 08 चा 8 होतो आणि 8-9 अशी साईज असेल तर तिची तारीख होते. म्हणून ते रकाने टेक्स्ट म्हणूनच आत घ्यायचे. कोडच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा डोळ्यांना दिसत नाही, जुळवणी मात्र बिघडवते. वेबपेजवरून कॉपी केलेल्या मजकुरात तर वेगळ्याच जातीची मोकळी जागा असते, ती TRIM ने जात नाही. त्यामुळे चावी बनवताना आधी सफाई:

```
=UPPER(TRIM(SUBSTITUTE(A2,CHAR(160)," "))&"|"&TRIM(SUBSTITUTE(B2,CHAR(160)," "))&"|"&TRIM(SUBSTITUTE(C2,CHAR(160)," ")))
```

मग या चावीने आयटम कोड शोधायचा. VLOOKUP वापरत असाल तर शेवटी FALSE लिहायलाच हवं. ते राहिलं तर एक्सेल जवळपासचा कोड बिनदिक्कत आणून ठेवतं आणि चूक झाल्याचं कळतही नाही. ज्या कॉम्बोला दोन ओळी आहेत त्यांच्यासाठी हे सूत्र पुरत नाही, ते पहिली ओळ सापडली की थांबतं. तिथे पॉवर क्वेरीतलं मर्ज वापरावं.

जुळवणी बरोबर झाली की नाही, हे कसं ओळखायचं? दोन तपासण्या पुरतात. पहिली, ज्या ऑर्डरींना आयटम कोड मिळाला नाही त्या फेकायच्या नाहीत. त्या "न जुळलेल्या" म्हणून वेगळ्या दिसल्या पाहिजेत. नवं लिस्टिंग टाकून तक्त्यात ओळ घालायला विसरलेलं असतं, ते इथेच उघडं पडतं. दुसरी तपासणी उलट बाजूची. तक्त्यात एकच ओळ चुकून दोनदा आली तर मर्ज केल्यावर त्या लिस्टिंगची प्रत्येक ऑर्डर दुप्पट होते आणि खप मस्त वाढल्यासारखा दिसतो. म्हणून प्रत्येक चावी COUNTIF ने मोजावी. मिश्र कॉम्बो सोडून कुठेही एकापेक्षा जास्त आकडा आला तर तिथे घोळ आहे. जोडांची बेरीज जुळवणीआधी आणि नंतर पडताळून पाहावी. फरक फक्त कॉम्बोंमुळे पडलेला असायला हवा. आपल्या उदाहरणात आठ नंबरच्या ४७ ऑर्डरी आणि ५० जोड, तीनचा फरक, तोही तीन कॉम्बोंचा. हिशेब लागला.

एवढं जमल्यावर काही जण मूळ लिस्टिंग कोड पुसून टाकतात. तसं करू नये. परत आलेला मालही याच आयटम कोडवर धरायचा असतो, पण तो कुठल्या लिस्टिंगमधून आला हेही पाहायचं असतं. समजा टॅन आठचे जोड ४२ साईजच्या लिस्टिंगवरून वारंवार "घट्ट होतंय" म्हणून परत येतात आणि बाकीच्या चार लिस्टिंगवरून जवळजवळ येतच नाहीत. चप्पल तर तीच आहे. मग कारागिराला बोल लावण्याआधी त्या लिस्टिंगचा साईजचा तक्ता उघडून पाहावा. आयटम कोड हा माल मोजतो, लिस्टिंग कोड त्या मालाबद्दल आपण काय लिहिलं ते तपासतो. दोन्ही शेजारी शेजारी असतील तरच ही गोष्ट दिसते. साईज बदलून दिली तर आठची परत आणि नऊची विक्री अशा दोन नोंदी घ्याव्या, नुसती "एक्स्चेंज" म्हणून सोडू नये.

एक गोष्ट मात्र या सगळ्या जुळवणीतून कळत नाही. ब्राऊन दहाचे महिन्यात फक्त चार जोड गेले असतील, तर मागणी कमी होती असं फाइल सांगते. पण पहिल्याच आठवड्यात फळी रिकामी झाली असेल तर विकणार काय? ऑर्डरींच्या फाइलीत न झालेल्या विक्रीची ओळ नसते. त्यासाठी प्रत्येक आयटम कोडसमोर तो किती दिवस शिल्लक होता, हा आकडा ठेवावा लागतो. चार जोड तीस दिवसांत गेले की सहा दिवसांत, यावर पुढची ऑर्डर चार जोडांची द्यायची की वीस, ते ठरतं.