घरचे वाय-फाय क्षणभर बंद पडते तेव्हा फोन काय करतो?



गेल्या वर्षी एका महिन्यात आमच्या मोबाइलचे बिल नेहमीपेक्षा बरेच जास्त आले. आमची योजना महिन्याला ३ जीबीची. आम्ही दिवसभर घरी, आणि घरी वाय-फाय. मग हे ३ जीबी संपले कुठे? कंपनीला फोन केला, तेव्हा त्यांनी खर्चाच्या वेळा वाचून दाखवल्या. त्या सगळ्या रविवार सकाळच्या होत्या. त्या वेळी आम्ही अश्दोदला बहिणीशी व्हिडिओवर बोलत असतो किंवा मराठी नाटक बघत असतो.

कारण असे निघाले. घरातल्या इंटरनेटचे दोन भाग असतात. फोनपासून राउटरच्या डब्यापर्यंतचा भाग म्हणजे वाय-फाय, आणि डब्यापासून बाहेर जाणारी तार म्हणजे खरे इंटरनेट. नळ जागेवर असतो, पण टाकीत पाणी नसते, तसेच इथे होते. बाहेरची तार मिनिटभर बंद पडली तरी डबा चालूच असतो. अशा वेळी फोन गुपचूप मोबाइल डेटा वापरू लागतो. नाटक थांबत नाही, म्हणून आपल्याला काही कळत नाही. नेटफ्लिक्स स्वतःच सांगते की साध्या चित्रासाठी तासाला १ जीबीपर्यंत आणि एचडी चित्रासाठी ३ जीबीपर्यंत डेटा लागतो. म्हणजे एका सकाळी महिन्याचा साठा संपू शकतो.

आयफोनमध्ये या सोयीला Wi-Fi Assist म्हणतात. सप्टेंबर २०१५ मध्ये आयओएस ९ बरोबर ती आली आणि ती आधीपासून चालूच ठेवलेली होती. पुढच्याच महिन्यात कॅलिफोर्नियात काही ग्राहकांनी वाढीव बिलाबद्दल अॅपलवर दावा लावला होता. ज्यांच्याकडे अमर्याद डेटा आहे त्यांना ही सोय उपयोगीच आहे. मोजका डेटा असणाऱ्यांनी मात्र ती बंद करावी.

आयफोनवर Settings उघडावे आणि Cellular वर बोट ठेवावे. मग अॅपची लांबलचक यादी ओलांडून अगदी खाली जावे. तिथे Wi-Fi Assist दिसेल. त्याच्याजवळ लिहिलेला आकडा म्हणजे या सोयीने खाल्लेला डेटा. तो आकडा मोठा असेल तर चोर सापडला असे समजावे. शेजारचे हिरवे बटण दाबले की ते करडे होते, म्हणजे सोय बंद झाली.

सॅमसंगच्या फोनवर Settings, मग Connections, मग Wi-Fi उघडावे. वरच्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबून Intelligent Wi-Fi मध्ये जावे आणि Switch to mobile data बंद करावे. फोन जुना-नवा असेल त्याप्रमाणे शब्द थोडे वेगळे दिसतील.

आता परीक्षा घ्यावी. राउटरची वीज चालू ठेवून फक्त बाहेरून येणारी इंटरनेटची तार काढावी. दोन मिनिटे थांबून फोनवर कधी न पाहिलेले एखादे पान उघडावे. पान उघडले नाही, तर फोन आता मोबाइल डेटाकडे वळत नाही. उघडले, तर अजून गळती आहे. तार परत लावायला विसरू नये.

एक मर्यादा लक्षात ठेवावी. वीज गेली किंवा राउटरच बंद पडला, तर वाय-फाय उरतच नाही. मग फोन मोबाइल डेटावर जाणारच. वरचे बटण त्याला अडवत नाही. त्यासाठी आयफोनच्या त्याच Cellular पानावरील यादीत यूट्यूब, नेटफ्लिक्स अशा व्हिडिओच्या अॅपसमोरची बटणे बंद करावीत. ही अॅप मग फक्त वाय-फायवर चालतात. व्हॉट्सअॅप मात्र चालू ठेवावे, नाहीतर बाहेर गेल्यावर निरोप येणार नाहीत.

याहून पक्का उपाय हवा असेल, तर घरी आल्यावर याच पानावरचे सर्वांत वरचे Cellular Data हे बटण बंद करावे आणि बाहेर पडताना पुन्हा चालू करावे. ते बंद असताना साधे फोन येतात-जातात, ९११ लाही फोन लागतो आणि अक्षरी निरोपही येतात. फोटो असलेले काही निरोप मात्र अडकून राहतात. बाहेर पडताना बटण लावायला विसरलो, तर रस्त्यात नकाशा उघडत नाही. आमचे तसे दोनदा झाले, म्हणून आम्ही फक्त Wi-Fi Assist आणि व्हिडिओची अॅप बंद ठेवतो.

आता रविवारी तार बंद पडली की नाटक मध्येच थांबते. आम्ही चहा टाकतो. चहा होईपर्यंत इंटरनेट बहुधा परत आलेले असते.