बीड तापतं उशिरा, निवतंही उशिरा

सुरमईचे तुकडे एकाच ताटातले, मसाला तोच, रवाही तोच. दोन बिडाच्या तव्यावर टाकले, दोन पातळ स्टीलच्या पॅनमध्ये. दोन्हीकडे ‘चर्र’ झालं. पण स्टीलमधला आवाज लगेच मवाळ पडला, तुकड्यांच्या कडेनं पाणी सुटलं आणि मासा तळण्याऐवजी शिजायला लागला. उलटायला गेले तर अर्धा रवा पॅनलाच चिकटून राहिला. बिडावरचा चर्र मात्र शेवटपर्यंत टिकला.

दोष स्टीलचा, असं आपण सहज म्हणून टाकतो. मी दोन्ही भांडी वजनकाट्यावर ठेवली. तवा अडीच किलो भरला, पॅन जेमतेम ६०० ग्रॅम. खरी गोष्ट इथेच आहे. एक किलो बीड आणि एक किलो स्टील सारखेच तापवले, तर दोघांतही जवळपास सारखीच उष्णता साठते. स्टीलमध्ये किंचित जास्तच. बीड ठिसूळ, साच्यात ओतून घडवायचं, म्हणून त्याची भांडी जाड होतात. स्टीलचा पत्रा दाबून हवा तितका पातळ करता येतो. उष्णता धरून ठेवतं ते वजन. गंमत म्हणजे काळा, खरखरीत तवा चकचकीत स्टीलपेक्षा उष्णता जास्तच बाहेर फेकतो. तरी तो लवकर निवत नाही, कारण आतला साठाच मोठा.

माशाचा हिशेब करून पाहू. दोन्ही भांडी २२० अंशांपर्यंत तापली आहेत. फ्रिजमधून काढलेल्या तुकड्यांवरचं फक्त १० ग्रॅम पाणी, म्हणजे दोन चमचे, तापून त्याची वाफ व्हायला सुमारे २६ किलोज्यूल उष्णता लागते. अडीच किलोचा तवा एक अंश निवताना साधारण १.१५ किलोज्यूल देतो, पॅन मात्र ०.३. ही सगळी उष्णता एका झटक्यात भांड्यातूनच गेली असं धरलं, तर तवा १९५ अंशांच्या आसपास थांबेल आणि पॅन १३० च्या जवळ घसरेल. तांबूस, खरपूस कवच धरायला पृष्ठभाग साधारण १४० अंशांच्या वर लागतो. खाली गॅस चालू असतो, त्यामुळे प्रत्यक्षात पॅन इतका पडत नाही आणि मिनिटाभरात सावरतोही. पण तेवढ्यात मासा आणखी पाणी सोडतो, आणि तुकडे जास्त टाकले असतील तर पॅनला डोकं वर काढताच येत नाही. म्हणूनच मासा आधी फडक्यानं कोरडा टिपून घेणं हे मसाल्याइतकंच महत्त्वाचं. पातळ पॅनच वापरायचा असेल, तर एका वेळी एकच तुकडा टाकावा.

बिडाबद्दलचा एक गैरसमज मात्र मोडायला हवा: ते उष्णता सगळीकडे सारखी पसरवतं, हा. ॲल्युमिनियमच्या तुलनेत बिडातून उष्णता फार हळू सरकते. तव्यावर मैद्याचा पातळ थर पसरून गॅस लावला, की शेगडीच्या जाळाचं कडं तपकिरी उमटलेलं दिसतं आणि कडेचा मैदा पांढराच राहतो. म्हणून मोठ्या आचेवर घाई करू नये. मध्यम आचेवर सात-आठ मिनिटं, मधूनमधून तवा फिरवत. मग पाण्याचे थेंब शिंपडावेत. ते जागीच चुरचुरून आटले तर अजून थांबावं. मण्यांसारखे घरंगळू लागले की तेल घालावं आणि लगेच मासा सोडावा. गरम तव्यावर गार पाण्याची धार मात्र कधीच धरू नये, बीड तडकतं.

भरपूर तेलात तळायचं असेल तर हिशेबच बदलतो. लिटरभर तेल एक अंश निवताना पावणेदोन-दोन किलोज्यूल देतं, म्हणजे त्या जाड तव्यापेक्षाही जास्त. वडे तळताना साठा तेलाचा असतो, कढईचा नव्हे. कढई पातळ असली तरी तेल पुरेसं आणि वडे थोडे असतील तर काम भागतं. तेल कमी घालून वडे दाटीवाटीनं सोडले, की ते तेल पितात, मग कढई कितीही जाड असो.

उलट जिथे आच क्षणात कमी व्हायला हवी, तिथे बीड नडतं. मी एकदा लाडानं बिडाच्या कढईत फोडणी केली. मोहरी तडतडली, गॅस बंद केला, तरी लसूण डोळ्यांसमोर तपकिरीचा काळा झाला. तेव्हापासून फोडणीला आपली लहानशी पळीच.