दुपारी दोनला तयार खोल्या किती?

हिशेबासाठी कोल्हापुरातलं ३० खोल्यांचं एक हॉटेल धरू. भाडं ३,००० रुपये, चेक-आउट सकाळी ११, चेक-इन दुपारी २. मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने आलेला पाहुणा सकाळीच बॅगा घेऊन काउंटरवर येतो आणि रात्री त्याच गाडीने परतणाऱ्याला संध्याकाळपर्यंत खोली सोडायची नसते.

शनिवार घ्या. काल रात्री २६ खोल्या भरलेल्या होत्या, ४ साफ करून रिकाम्या आहेत. आज २० सुटणार, ६ पाहुणे राहणार, २४ नवे येणार. रात्री हॉटेल फुल्ल. सुटलेली खोली तयार करायला ३५ मिनिटं धरली, तर तीन रूमबॉय ११ ते २ मध्ये प्रत्येकी पाच, म्हणजे १५ खोल्या उरकतात. उरलेल्या पाचांना दोनपर्यंत कोणाचा हातच लागत नाही. मग त्या अकराला रिकाम्या करून घेण्यात काय मिळवलं? या पाच जणांना दोनपर्यंत राहू दिलं, तर एक रुपयाही बुडत नाही. फक्त या खोल्या तीननंतर येणाऱ्यांच्या नावावर टाकायच्या.

सहापर्यंतची गोष्ट वेगळी. अर्ध्या दिवसाचे १,५०० मिळतात, पण त्या खोलीचा पुढचा पाहुणा सातनंतर येणारा हवा. तो चारला आला आणि दुसरी खोली नसली, तर त्याला शेजारच्या हॉटेलात पाठवून तिथले ३,००० आपण भरायचे, वर रिक्षा. अशी एक चूक दोन लेट चेक-आउटची कमाई खाते. म्हणून बुकिंग घेतानाच ‘किती वाजता पोहोचाल?’ हे विचारून नोंदवलेलं बरं. होकार मात्र आदल्या रात्री, येणाऱ्यांची यादी हातात आल्यावरच द्यावा.

सकाळी लवकर येणाऱ्यांसाठी शनिवारी चारच खोल्या आहेत. अर्ध्या दिवसाच्या दराने त्यांचे ६,००० होतात. पाचव्याला सामान ठेवून घेऊन अंबाबाईच्या दर्शनाला पाठवावं. दोनची वेळ मात्र पक्की सांगावी.

मंगळवारी हेच नियम लावणं मला हट्टीपणा वाटतो. त्या दिवशी १६ खोल्या तयार आहेत, येणारे १० आहेत. सकाळी सातला आलेल्याकडून अर्ध्या दिवसाचे १,५०० मागितले, तर तो समोरच्या लॉजवर जातो. काल न विकलेल्या खोलीचे सवलतीने ७०० मिळाले असते तेही जातात, आणि आजचे ३,०००सुद्धा.

गळती बहुतेक वेळा तोंडी होकारात असते. रात्रपाळीवाला ‘राहा चारपर्यंत’ म्हणतो आणि कुठेच लिहीत नाही. ती शोधायला महिनाअखेरीला हाउसकीपिंगच्या तक्त्यात दोननंतर सुटलेल्या खोल्या मोजाव्यात आणि बिलांत लेट चेक-आउटची रक्कम किती ठिकाणी लागली आहे ते पाहावं. तक्त्यात २२ आणि बिलांत ९ निघाले, तर उरलेल्या १३ खोल्यांना फुकट मुदत कोणी दिली, हे पाळीनुसार तपासता येतं.