शेवटच्या दिवशीचं पान

मे महिन्याच्या सुट्टीत गल्लोगल्ली अक्षरसुधार वर्ग सुरू होतात. पंधरा-वीस दिवसांचा अभ्यासक्रम असतो, आणि जाहिरातीत एकाच मुलाची दोन पानं शेजारी-शेजारी छापलेली असतात: पहिल्या दिवशीचं गिचमिड आणि शेवटच्या दिवशीचं देखणं. ही पानं बहुधा खरीच असतात. पण शेवटचं पान मुलाने समोरच्या नमुन्याकडे पाहत, सावकाश लिहिलेलं असतं. शाळेत शिक्षक सांगतात तेव्हा त्याला भराभर लिहावं लागतं. अक्षर सुधारलं की नाही, ते तिथे कळतं.

पाचवीतल्या एखाद्या मुलाची वही घ्या. अक्षरं लहान-मोठी, शब्द एकमेकांना चिकटलेले, शिरोरेघ तुटक. आधी पान उलटून मागच्या बाजूवर बोट फिरवा. अक्षरांचे उंचवटे हाताला लागले तर मूल पेन फार दाबतंय. मग त्याची पकड पाहा. अंगठा तर्जनीवर चढला असेल तर बोटं हलत नाहीत, सगळं मनगट ओढलं जातं आणि चार ओळींत हात दुखू लागतो. पेन अंगठा आणि तर्जनीने धरून मधल्या बोटावर टेकवायचं, ही सवय लागेपर्यंत नुसतं गिरवून फारसा फरक पडत नाही.

चांगला वर्ग मुळाक्षरांच्या क्रमाने जात नाही. आधी उभ्या दांड्या आणि अर्धगोल. मग दुरेघी वहीत एका वळणाची अक्षरं एकत्र: व, ब, क, नंतर ग, म, भ, न. शिरोरेघ शब्द पूर्ण झाल्यावर एकसलग ओढायची आणि दोन शब्दांत एका अक्षराएवढी जागा सोडायची. चिकटलेले शब्द सुटे झाले की पान लगेच वाचता येऊ लागतं, म्हणून सगळ्यात लवकर दिसणारा फरक हाच.

घरी मात्र पानंच्या पानं गिरवून घेऊ नका. कित्त्यात दुसऱ्या-तिसऱ्या ओळीपासून मूल वरचा नमुना सोडून स्वतःचीच आधीची ओळ पाहून लिहू लागतं, आणि चूक खाली खाली वाढत जाते. त्यापेक्षा रोज पाच-सहाच ओळी लिहायच्या, लिहिलेली ओळ कागदाने झाकायची आणि पुन्हा नमुन्याकडे पाहायचं.

वर्गात घालण्याआधी एक उतारा पाच मिनिटं सांगून मुलाकडून लिहून घ्या. वर्ग संपल्यावर तोच उतारा त्याच वेगाने पुन्हा सांगा, आणि शाळा सुरू झाल्यावर महिन्याभराने आणखी एकदा. तिन्ही वेळा किती शब्द लिहून झाले आणि त्यातले किती परक्या माणसाला वाचता आले, ते मोजा. अक्षर सुंदर झालं पण शब्द निम्मे झाले, तर परीक्षेत पेपर अर्धाच राहील. अशा वेळी सराव चालू ठेवून वेग हळूहळू वाढवावा लागतो.

काही मुलांचं पान मनापासून सराव करूनही बदलत नाही. अक्षरं उलटी पडतात, ओळ सुटते, आणि तोंडी पटापट उत्तर देणारं मूल लिहिताना अडतं. अशा मुलाला दुसऱ्या वर्गात घालण्याआधी लेखन-अक्षमतेची तपासणी करून घ्यावी. अध्ययन-अक्षमतेचं प्रमाणपत्र असलेल्या विद्यार्थ्यांना दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात.